घेतलासमधला स

भाची शिकायला कोपनहेगनला गेली तेव्हापासून रविवारचा दुपारचा चहा आम्ही तिच्याबरोबर घेतो. म्हणजे आम्ही इकडे इंदूरला रामबागेत कपबशा घेऊन बसतो आणि ती तिकडे तिच्या खोलीत. आई एक्याऐंशीची आहे. तिला फोन नीट धरता येत नाही, त्यामुळे भाचीला आजीचं कपाळ आणि छताचा पंखा एवढंच दिसतं. पण पहिला प्रश्न ठरलेला: "चहा घेतलास?"

एका रविवारी भाचीच्या शेजारच्या खोलीतली मुलगी तिच्याकडे बसली होती. ग्रीनलंडची, नूक या राजधानीच्या गावातली. आईला कोणीही दिसलं की चहा विचारल्याशिवाय चैन पडत नाही, मग ते माणूस सहा हजार किलोमीटरवर का असेना. तिनं विचारलं, भाचीनं भाषांतर करून सांगितलं आणि ती मुलगी हसून एक शब्द बोलली. भाचीनं तो नंतर मला लिहून पाठवला, मी देवनागरीत आणला तो असा: टीटोरुसुङ्ङिलाङा.

"एवढं काय म्हणाली गं ती?" आईनं विचारलं.

"नको म्हणाली, आजी."

"नको म्हणायला एवढा वेळ?"

तिनं 'नको' एवढंच म्हटलं नव्हतं. "मला चहा प्यायची इच्छा नाही," असं पूर्ण वाक्य ती बोलली होती, पण एका शब्दात. ग्रीनलंडिक, तिथल्या लोकांच्या भाषेत कालाल्लिसुत, ही बहुसंश्लेषी भाषा आहे. ज्याला आपण वाक्य म्हणू ते या भाषांमध्ये पुष्कळदा एका क्रियापदाच्या पोटात मावतं. हे नाव फिलाडेल्फियातल्या द्यू पाँसो नावाच्या जन्मानं फ्रेंच गृहस्थांनी १८१९ मध्ये अमेरिकेतल्या मूळ भाषांबद्दल लिहिताना वापरात आणलं. मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी आमच्या इंदुरात आली ती त्याच्या आदल्याच वर्षी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण इंदूरकराला कुठलंही जुनं साल सांगितलं की तो मनातल्या मनात ते राजवाड्याशेजारी नेऊन ठेवतो, त्याला इलाज नाही.

तो शब्द मी आठवडाभर खिशात घेऊन हिंडलो. भाचीनं मैत्रिणीला विचारून विचारून त्याची चढण मला पायरी पायरीनं पाठवली.

सुरुवात 'टी'पासून. हा चहा, डॅनिशमधून आलेला. त्याला 'टोर' हा प्रत्यय लागतो, त्याचा अर्थ ती वस्तू खाणं किंवा पिणं. मग 'टीटोर्पोक़', म्हणजे तो चहा पितो, किंवा ती पिते. तो की ती, याची त्या भाषेला फिकीर नाही, लिंग हा प्रकारच तिच्यात नाही. शेवटचा 'क़' घशातला, उर्दू नीट बोलणाऱ्यांच्या 'क़लम'मधला. शेवट बदलून 'टीटोर्पुङा' केलं की मी चहा पितो. मध्ये 'रुसुक' घातला की इच्छा आली: 'टीटोरुसुप्पुङा', मला चहा प्यावासा वाटतो. आणि त्यात नकार घातला की 'टीटोरुसुङ्ङिलाङा'. इथे एक बारीक गंमत आहे. नकार आला की त्याच्या मागचा 'पुङा' बदलून 'लाङा' होतो. म्हणजे 'मी'सुद्धा नकाराची चाहूल लागताच कपडे बदलतो. आईचा प्रश्न त्या भाषेत विचारायचा तर 'टीटोरुसुप्पित?' 'पित'मध्ये 'तू' आहे आणि प्रश्नचिन्हही आहे. 'का' वेगळा लावावा लागत नाही.

शाळेत क, ख, ग, घ म्हटल्यावर 'ङ'पाशी आम्ही सगळे नाकात हसायचो. ते अक्षर कधी कामाला येतं हे गुरुजींनाही सांगता यायचं नाही. त्या मुलीच्या एका 'नको'त त्याला तीनदा काम मिळालं. बिचाऱ्याचं सार्थक झालं.

हे सगळं मी संध्याकाळी शेजारच्या शास्त्रीकाकांना ऐकवलं. ते संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांनी जानव्याला हात लावून म्हटलं, "त्यात काय मोठं? आपल्याकडे बाणभट्टाचा एक समास पानभर जातो."

मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं आणि ते असं. समासात स्वतंत्र शब्द हात धरून उभे असतात. 'नीलकंठ' सोडवला तर 'नील'ही कोशात सापडतो आणि 'कंठ'ही. समास केवढाही लांबवा, शेवटी हातात येतं ते नाम, विशेषण किंवा अव्यय. वाक्य करायला बाहेरून क्रियापद आणावंच लागतं. ग्रीनलंडिक शब्दात स्वतंत्र उभा राहू शकेल असा फार तर एकच तुकडा असतो, तो पहिला. त्यानंतरचे सगळे प्रत्यय. 'रुसुक' एकट्यानं कोणी बोलू शकत नाही. 'मला इच्छा आहे' असं नुसतं म्हणायचं असेल तरी 'रुसुक' उच्चारून चालत नाही, त्याच्या आधी धरायला काहीतरी लागतं. असे प्रत्यय त्या भाषेत चारशेच्या वर आहेत, आणि आपण ज्यांना क्रियापदं म्हणतो त्यातली कितीतरी तिथे प्रत्ययांच्या रांगेत बसलेली आहेत: असणं, मिळवणं, बनवणं, म्हणणं, वाटणं.

मग हा खरंच एक शब्द, की वाक्यातल्या जागा न सोडता लिहिलेला चिकट मजकूर? ही शंका मलाही आली. त्याची परीक्षा कानानं आणि जिभेनं करता येते. घर म्हणजे 'इल्लु'. त्याला 'असणं' या अर्थाचा 'क़ार' लागला की होतं 'इल्लोक़ार्पोक़', त्याला घर आहे. 'इल्लु'चा 'इल्लो' झाला, कारण त्या घशातल्या 'क़'च्या शेजारी 'उ' खाली घसरतो. दोन सुट्या शब्दांमध्ये असं होत नाही, एका शब्दाच्या आत होतं. आपल्याला हे अगदी ओळखीचं आहे. 'घर' म्हटलं की घर, पण 'घरात' म्हणताना मध्ये तो 'घरा' येतो. 'घरा' हा शब्द एकटा कोणी वापरत नाही, तरी 'त', 'ला', 'समोर' त्याच्याशिवाय चिकटत नाहीत. मराठी व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात. आपण रोज शंभरदा हा डिंक वापरतो आणि परदेशी माणूस मराठी शिकायला लागला की पहिला पाय घसरतो तो इथेच.

दुसरी परीक्षा भाचीनं केली. तिनं मैत्रिणीला सांगितलं, तो शब्द हळू, तुकडे करून म्हण. मैत्रिणीनं केले तुकडे, पण आम्हाला हवे तसे नाही. टी, टो, रु, सुङ्, असे तालावर. "मधल्या रुसुकचा अर्थ काय?" यावर ती थबकली. तो असा वेगळा काढून बघायची तिच्यावर कधी वेळच आली नव्हती. मी हे आईवर करून पाहिलं. "आई, 'घेतलास'मधल्या 'स'चा अर्थ काय?" आईनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "स चा काय अर्थ असणार? स म्हणजे स."

आणि इथे मी त्या 'स'पाशी अडकलो.

लहानपणापासून ऐकलेला प्रश्न आहे हा, पण तो मी कधी ऐकलाच नव्हता. चहा घेतलास? कॉफी घेतलीस? दूध घेतलंस? पोहे घेतलेस? जिलब्या घेतल्यास? पाच वेळा क्रियापद पाच तऱ्हांनी बदलतं आणि ते बदलतं घेणाऱ्यामुळे नाही, घेतलेल्या वस्तूमुळे. भाची मुलगी आहे म्हणून आई तिला 'चहा घेतलीस' असं म्हणत नाही. ला, ली, लं, ले, ल्या ही सगळी चहाची, कॉफीची, दुधाची चाकरी. आणि त्याच्या मागे तो 'स' मात्र हलत नाही, कारण तो वस्तूचा नाही, 'तू'चा आहे. म्हणजे 'घेतलास' या एका शब्दात घेण्याची क्रिया आहे, ती होऊन गेल्याची खूण आहे, घेतलेली वस्तू पुल्लिंगी आणि एक असल्याची खूण आहे, आणि घेणारा समोर बसलेला 'तू' आहे. कर्ता आणि कर्म दोघांचा हिशेब एका क्रियापदावर. आपले वैयाकरण याला कर्तृ-कर्मसंकर प्रयोग म्हणतात. शाळेत मी हे नाव पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. आमच्या कोकणातल्या पणजीची तर म्हणे तऱ्हा अशी होती की ती 'त्यानं चहा घेतलान्' म्हणायची. म्हणजे तिच्याकडे 'तो'साठीही एक 'न्' होता.

बहुसंश्लेषी भाषांच्या मुळाशी मला हेच दिसतं, लांबी नव्हे. कोणी, कोणाला, हे क्रियापदावर नोंदलंच पाहिजे. ग्रीनलंडिकमध्ये प्रेम करणं म्हणजे 'आसा'. 'आसावाक्कित' म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. 'आसावार्मा', तुझं माझ्यावर. 'आसावारा', माझं त्याच्यावर किंवा तिच्यावर. 'आसावाङा' असा काहीसा ऐकू येणारा, मधला 'आ' लांबवून म्हटलेला शब्द म्हणजे त्याचं किंवा तिचं माझ्यावर. 'मी' आणि 'तुला' हे शब्द कुठेच नाहीत, ते घालायची गरजही नाही. आपल्या 'घेतलास'मध्ये कात्रीनं कापून 'ला' चहाचा आणि 'स' तुझा असं दाखवता येतं. 'वाक्कित'चं तसं नाही. त्यातला 'मी' कुठे संपतो आणि 'तू' कुठे सुरू होतो हे नीट वेगळं काढता येत नाही. दोघं मिळून एकच प्रत्यय. प्रेमाच्या क्रियापदाला हे शोभतं खरं, पण मारण्याच्या क्रियापदालाही तोच प्रत्यय लागतो, तेव्हा फार हळवं व्हायचं कारण नाही.

मराठीत हा हिशेब अर्धवट आहे. 'मी चहा घेतला' म्हटलं की 'मी'ची खूण क्रियापदावर नाही. 'तू चहा घेतोस' म्हटलं की चहाची नाही. दोन्ही नोंदी एकत्र भेटतात त्या फक्त भूतकाळात आणि 'तू', 'तुम्ही' समोर असताना. तिकडे मात्र कोष्टकाची सगळी घरं भरलेली आहेत.

आता दुसरी बाजू, जी मराठीत अजिबात नाही. 'टीटोर'मध्ये चहा क्रियापदाच्या पोटात गेलेला आहे. तो पोटात गेल्यावरही बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध तुटत नाही, हे मला सगळ्यात चक्रावणारं वाटलं. भाषाशास्त्राच्या पुस्तकांत यासाठी ग्रीनलंडिकचं एक उदाहरण नेहमी देतात: 'कुसानार्तुमिक सापाङार्सिवोक़'. 'सापाङाक़' म्हणजे मणी, 'सि' म्हणजे मिळवणं किंवा विकत घेणं. तर दुसरा शब्द झाला, त्यानं मणी घेतला. पहिला शब्द म्हणजे 'सुंदर', त्याला 'मिक' ही विभक्ती लागलेली. अर्थ: त्यानं सुंदर मणी घेतला. मणी क्रियापदाच्या आत बसला आहे आणि त्याचं सौंदर्य दाराबाहेर उभं आहे. आपल्याकडे एकदा 'देवदर्शन' असा समास केला की 'मोठ्या देवदर्शन' म्हणून देवाला मोठं करता येत नाही. विशेषणाला आतल्या नामाशी बोलायला समास दार उघडत नाही. तिथे दार उघडं आहे. हे असं का होतं, यावर भाषाशास्त्रज्ञ गेली चाळीसेक वर्षं वाद घालताहेत. काहींच्या मते तो शब्द वरून एक दिसत असला तरी वाक्यरचनेच्या आतल्या हिशेबात अजून सुटाच असतो.

तुकड्यांचा क्रमही सांभाळावा लागतो. जो प्रत्यय नंतर येतो तो आधीच्या सगळ्यावर सत्ता गाजवतो. ग्रीनलंडिकची चुलत बहीण अलास्कातली युपिक. तिच्यात माणूस म्हणजे 'युक', 'पाक' म्हणजे मोठा, 'चुआर' म्हणजे छोटा. 'युग्पाचुआक़' म्हणजे छोटासा राक्षस: आधी माणूस मोठा केला आणि मग त्या मोठ्याला छोटा. 'युचुआर्पाक' म्हणजे मोठासा बुटका. माल तोच, रचना उलटी. शिकणारा चुकतो तो इथे. प्रत्यय पाठ असतात, पण क्रम हुकला की वाक्याचा कर्ताच बदलल्यासारखं होतं. युपिकमधला एक शब्द पुस्तकांतून फार फिरतो, त्याचा अर्थ, तो रेनडिअरच्या शिकारीला जाणार आहे असं त्यानं अजून पुन्हा म्हटलेलं नाही. त्यात 'म्हणणं' मध्यावर आहे. त्याच्या आधीचं सगळं म्हटलेलं, म्हणजे रेनडिअर, शिकार, जाणार. त्याच्या नंतरचं सगळं म्हणण्याबद्दलचं, म्हणजे नाही, पुन्हा. एका शब्दात अवतरणचिन्ह कुठे पडतं ते क्रमावरून कळतं.

असे शब्द लोक चहा पिताना बोलत असतील का? क्वचित. रोजच्या बोलण्यात दोन-चार प्रत्ययांचे शब्द असतात, आणि दोन-तीन शब्दांची वाक्यंही भरपूर असतात. पानभर लांब शब्द पुस्तकात जास्त भेटतात, जसा बाणाचा समास सराफ्यात ऐकू येत नाही. आमच्या भावजींनी लगेच तो बर्फाचा विषय काढला, की त्या लोकांकडे बर्फाला शंभर शब्द आहेत ना? फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञानं १९११ मध्ये चार मूळ शब्द दिले होते: पडलेला बर्फ, पडणारा, वाऱ्यानं वाहणारा आणि ढीग होऊन बसलेला. पुढे सांगणाऱ्यागणिक आकडा फुगत गेला. मुद्दा असा की या भाषांत शब्द मोजणंच फोल आहे. 'टीटोरुसुङ्ङिलाङा' हा चहासाठीचा शब्द धरायचा का? धरला तर चहालाही हजारो शब्द आहेत, कॉफीलाही, आणि इंदूरचे पोहे तिकडे पोचले तर पोह्यांनाही. म्हणूनच शब्दांची यादी जवळ ठेवून चुका शोधणारा शुद्धलेखन तपासनीस तिथे निकामी ठरतो. बरोबर शब्दालाच तो लाल रेघ मारत सुटेल, कारण तो शब्द त्या क्षणी पहिल्यांदा जन्मलेला असतो. त्याला शब्द सोलून प्रत्यय आणि सांधे तपासायला शिकवावं लागतं.

मला मात्र लांब शब्दांपेक्षा एक आखूड प्रत्यय आवडला, 'फिक'. जिथे ती गोष्ट होते ती जागा. 'इल्लोक़ार्फिक', घरं असण्याची जागा, म्हणजे गाव. 'आतुआर्फिक', वाचायची जागा, म्हणजे शाळा. नूकमध्ये भाषेचं काम बघणारी सरकारी संस्था आहे, तिचं नाव 'ओक़ासिलेरिफ्फिक', शब्दांचं काम करायची जागा. आणि 'टीटोर्फिक', चहा पिण्याची जागा. हे ऐकून मला छप्पन दुकानचा कोपरा आठवला. पण 'टीटोर्फिक' म्हणजे टपरी नव्हे, कप. चहा पिण्याची जागा म्हणजे कप! विचार केला तर खरंच आहे.

या सगळ्यासाठी ग्रीनलंडपर्यंत जायचीसुद्धा गरज नव्हती. ओडिशा आणि आंध्रच्या सीमेवरच्या डोंगरांत सोरा भाषा बोलतात. बोलीतल्या तेलुगूला लेखनात मान मिळवून देणारे गिडुगु वेंकट राममूर्ती पर्लाकिमेडीत शिक्षक होते, त्यांनी ही भाषा शिकून १९३१ मध्ये तिचं व्याकरण छापलं. त्यातला एक शब्द देवनागरीत लिहिला तर असा: 'ञामकित्तम'. 'ञाम' म्हणजे धरणं. वाघाला पूर्ण शब्द 'किना', पण क्रियापदात शिरताना तो अंग चोरून 'किद' होतो. पुढे काळाचा 'त' आणि शेवटी 'अम' म्हणजे तुला. वाघ तुला धरेल. इथे क्रियापदानं कर्त्यालाच, म्हणजे साक्षात वाघाला गिळलं आहे, आणि कर्त्याला गिळणाऱ्या भाषा जगात फार थोड्या. शिवाय 'ङ'च्या शेजारी रिकामा बसणारा आपला 'ञ' इथे शब्दाच्या पहिल्या अक्षराला उभा आहे. सोराची दूरची बहीण कोरकू आमच्या अगदी जवळ आहे, खंडवा-बैतूलपासून मेळघाटापर्यंत. खंडव्याच्या बसमध्ये मी ती कित्येकदा ऐकली असेल. कोरकूत वाघ क्रियापदात शिरत नाही, पण ती ऐकताना मी खिडकीबाहेर बघत होतो हेही खरं.

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला तेव्हा माझा सात वर्षांचा पुतण्या घरी होता. इंग्रजी शाळा, गल्लीत हिंदी, घरात आमची इंदुरी मराठी. आजीच्या मांडीत शिरून त्यानं फोन हिसकावला आणि ओरडला, "ताई, तू चहा घेतला?"

"घेतलास," आई म्हणाली.

"मी नाही घेतला, ताईला विचारतोय."

"अरे, घेतलास म्हण. स कुठे गेला?"

हिंदीत 'तूने चाय ली' म्हणताना 'तू' एकदा सांगून झालेला असतो, क्रियापदावर पुन्हा लावायची गरज नसते. तोच हिशेब त्यानं मराठीत आणला होता. त्यानं चहाचं लिंग बरोबर ठेवलं होतं, म्हणजे अर्धं कोष्टक शाबूत होतं. मी त्याला समजावायला तोंड उघडलं, पण तोवर पलीकडून ती नूकची मुलगी पडद्यात डोकावली होती. भाचीनं तिला एवढ्यात काहीतरी शिकवलेलं दिसत होतं. तिनं आईच्या कपाळाकडे बघून, एकेक अक्षर जपून विचारलं, "आजी, चहा घेतलास?"

आजीला 'घेतलास' म्हटलेलं आईनं अजिबात मनाला लावून घेतलं नाही. ती म्हणाली, "घेतला गं बाई," आणि पुतण्याच्या डोक्यावर टपली मारली.